यादीत आपलं नाव



ऑगस्ट 2020 च्या शेवटी मध्य प्रदेशातल्या पावसानं संजय सरोवराचं पाणी सोडावं लागलं आणि वैनगंगा भंडारा शहरात शिरली. पवनी, मोहाडी, तुमसर, लाखांदूर या तालुक्यांतही नदीकाठची गावं पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर तलाठी पंचनाम्याला आले. घराची पडझड, जनावरं, पीक यांची नोंद झाली आणि कपडे-भांड्यांसाठी ठरावीक रकमेचा रकाना भरला गेला. सरकारी मदत अशीच असते. ती घरटी ठरलेली असते. पेटीत आजीच्या कोशाच्या साड्या होत्या की रोजची लुगडी, हे त्या रकान्याला विचारायचं कारण नसतं.

या अंकात लिहायचं आहे ते त्या पेटीबद्दल. आपल्या जिल्ह्यात बहुतेक जुन्या घरांत एक संग्रह असतो, त्याला कोणी संग्रह म्हणत नाही एवढंच. भंडारा पितळेचं गाव, म्हणून घरात पितळ, तांबं, कासं असतं. मोहाडी-आंधळगावच्या मागांवरच्या करवतकाठी साड्या असतात. चार-दोन पिढ्यांचं सोनं आणि चांदी असते. हे सगळं सांभाळतात बाया, पण कागद तयार करायची वेळ आली की ते लिहितो पुरुष. मग यादीत 'सोनं अंदाजे दहा तोळे, भांडी, कपडे' एवढ्या तीन ओळी येतात. विमा कंपनीसमोर या तीन ओळींची किंमत जवळपास शून्य आहे. आणि नवऱ्याशी किंवा दिराशी वाद झाला तर कोर्टासमोरही फारशी नाही.

गेल्या दीड वर्षात मी भंडारा आणि मोहाडीतल्या काही घरांत बायांबरोबर बसून अशा याद्या केल्या. त्यातून जे हाती आलं ते सविस्तर मांडते, म्हणजे प्रत्येक गटाला आपापल्या गावात ते करता येईल.

आधी विमा काय देतो ते

1 एप्रिल 2021 पासून सगळ्या सामान्य विमा कंपन्यांना घरासाठी 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर यांनी झालेलं नुकसान त्यात येतं. घराचा विमा उतरवला की घरातल्या सामानाला आपोआप संरक्षण मिळतं, घराच्या विमा रकमेच्या 20 टक्के आणि जास्तीत जास्त 10 लाख. घराचा विमा 15 लाखांचा असेल तर सामानाला 3 लाख. सामान जास्तीचं असेल तर तसं सांगून रक्कम वाढवता येते.

पण सोनं-चांदी, चित्रं, जुन्या दुर्मीळ वस्तू या 'सामान' नाहीत. त्यांना मौल्यवान वस्तू म्हणून वेगळं, ऐच्छिक संरक्षण घ्यावं लागतं. ते ठरलेल्या किमतीवर मिळतं. म्हणजे पॉलिसी घेताना यादीत ज्या वस्तूसमोर जी किंमत मान्य झाली, ती वस्तू पूर्ण गेली तर तीच रक्कम मिळते. नंतर भाव वाढला तरी तुम्हाला वाढीव मिळत नाही. म्हणून यादी आणि त्या यादीतली किंमत, दोन्ही गोष्टी ताज्या असाव्या लागतात. या संरक्षणासाठी मूल्यांकनाचा दाखला लागतो. मात्र एकूण रक्कम 5 लाखांपर्यंत असेल आणि कोणत्याही एका वस्तूची किंमत 1 लाखाच्या वर नसेल, तर दाखला माफ आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येईल.

दोन गोष्टी बायांना हमखास चुकीच्या सांगितल्या जातात. पहिली, 'विमा आहे म्हणजे चोरीही आली.' मूळ पॉलिसीत साधी घरफोडी येत नाही. पूर किंवा आग यांसारखी घटना घडली आणि त्यामुळे सात दिवसांच्या आत चोरी झाली, तर तेवढीच येते. घरफोडीचं संरक्षण वेगळं मागून घ्यावं लागतं. दुसरी, 'लॉकरमध्ये ठेवलं की बँक जबाबदार.' रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या नियमांप्रमाणे आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्यानं केलेली फसवणूक यात बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच आहे. भाडं 1,500 असेल तर दीड लाख. आणि पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत, बँकेच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं नसेल तर, तेवढीही नाही. वैनगंगेच्या काठावर राहणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं.

यादी कशी करायची

भंडाऱ्यातल्या एका घरात सासू, दोन सुना आणि एक अविवाहित नणंद आहेत. त्यांच्या घरची यादी आम्ही दोन दुपारी मिळून केली. सोन्याचे सात डाग, चांदीचे दोन, कोशाच्या अकरा साड्या आणि पितळ-तांब्या-काश्याची एकोणीस भांडी, अशा एकूण 39 वस्तू. सुरुवातीला सगळ्यांनी सांगितलं होतं की 'वीसेक वस्तू असतील.' मोजताना आकडा दुप्पट झाला. हा अनुभव प्रत्येक घरात येतो, म्हणून आठवणीतून यादी लिहू नका. खोलीतून खोलीत जा, पेटी उघडा, माळा उतरवा आणि वस्तू हातात घेऊनच लिहा.

प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्यायचा. तो क्रमांक कागदाच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून वस्तूशेजारी ठेवायचा, म्हणजे फोटोत तो येतो आणि फोटो व वही यांची जोडी कधी तुटत नाही. शेजारी शाळेची फूटपट्टी ठेवायची, म्हणजे आकार कळतो. फोटो सकाळी अंगणात सावलीत किंवा खिडकीजवळ काढायचा. फ्लॅश लावायचा नाही, कारण पितळ आणि सोनं फ्लॅशनं चमकतं आणि कोरलेलं काही दिसत नाही. सोन्याखाली गडद, एकरंगी कापड अंथरायचं.

दागिन्याचे चार फोटो पुरतात. एक पूर्ण दागिना, एक मागची बाजू, एक खूण जवळून, आणि एक वजनकाट्यावर, आकडा स्पष्ट दिसेल असा. जुलै 2021 नंतरच्या हॉलमार्क केलेल्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एक क्रमांक असतो. तो जवळून टिपा आणि वहीतही लिहा, कारण तो त्या एकाच दागिन्याचा असतो आणि हॉलमार्कच्या सरकारी ॲपवर तपासता येतो. आजीच्या दागिन्यावर हा क्रमांक नसणारच. तिथे सोनाराची जुनी खूण, तुटून जोडलेली कडी, झिजलेला कोन, हीच त्याची ओळख. 'डाव्या पाटलीवर आतल्या बाजूला डाग दिल्याची खूण' असं वाक्य दहा फोटोंपेक्षा पक्कं असतं.

साडी पूर्ण उलगडून पदर, काठ आणि किनारीची उलटी बाजू यांचे फोटो घ्या. करवतकाठीत काठाचे दाते अंगच्या विणीत गुंतवून विणलेले असतात आणि उलट्या बाजूला ते दिसतं. छापील किंवा यंत्रावरची नक्कल आणि खरी साडी यातला फरक तिथेच कळतो. घडीवर कोसा चिरला असेल, डाग असेल, तर तोही फोटोत घ्या. खराबी लपवली की पुढे तपासायला आलेला सर्वेक्षक ती पुराची नाही, आधीचीच आहे असं म्हणू शकतो. आधीच लिहून ठेवली तर उरलेल्या नुकसानीवर त्याला बोट ठेवता येत नाही.

भांड्यांचं एक वैशिष्ट्य आपल्याकडे फार उपयोगाचं आहे. लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव कोरतात. कोणी दिलं, कोणाला दिलं, कधी तर सालही. गुंडाच्या गळ्याखाली, परातीच्या काठावर, गंजाच्या बुडाशी हे नाव असतं. अक्षरं पुसट झाली असतील तर थोडी राख किंवा तांदळाचं पीठ चोळून पुसा, खोलगट अक्षरांत पांढरं राहतं आणि फोटोत नाव वाचता येतं. हा फोटो दोन कामं करतो. भांडं कोणतं हे सिद्ध होतं आणि ते कोणाचं हेही.

वहीत प्रत्येक वस्तूपुढे एवढं लिहायचं: क्रमांक, वस्तूचं नाव आणि वर्णन, वजन किंवा लांबी-रुंदी, खुणा आणि खराबी, कोणी कधी दिली, कोणाची, कुठे ठेवली आहे, किंमत, किंमत कोणी ठरवली आणि कोणत्या तारखेला. शेवटच्या दोन गोष्टी बहुतेक याद्यांत नसतात. तारीख नसलेली किंमत म्हणजे नुसता आकडा.

फोटो काढताना फोनची तारीख बरोबर आहे ना, हे आधी पाहा. मूळ फोटो जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि कधी काढला याची आतली माहिती निघून जाते, म्हणून पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. एक प्रत ईमेलमध्ये, एक पेन ड्राइव्हवर आणि वहीची छापील प्रत सगळ्या बायांच्या सहीसह. या प्रतींपैकी एक तरी दुसऱ्या गावात असावी, माहेरी किंवा विश्वासाच्या मैत्रिणीकडे. ज्या पुरात पेटी गेली, त्याच पुरात वहीही गेली, तर केलेलं काम वाया. गटाच्या किंवा नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र एकही फोटो टाकू नका. घरात काय आहे याची जाहिरात करायची गरज नाही.

यादी केली तर इन्कमटॅक्सवाले येतील, ही भीती मला प्रत्येक घरात ऐकू आली. 1994 सालची केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची सूचना आहे की झडतीतही विवाहित स्त्रीचं 500 ग्रॅमपर्यंत, अविवाहित स्त्रीचं 250 ग्रॅमपर्यंत आणि पुरुषाचं 100 ग्रॅमपर्यंतचं सोनं जप्त करू नये. आपल्या घरांतल्या याद्या बहुतेक वेळा याच्या फार खाली असतात. आणि कोणी दिलं, कधी दिलं, हे लिहिलेलं असणं हाच खरा खुलासा असतो.

'कोणाची' हा रकाना

या रकान्यापाशी आल्यावर त्या घरात बोलणं थांबलं. मोठ्या सुनेच्या माहेरच्या गोठांचं सोनं आणि सासूच्या जुन्या एकदाणीचं सोनं 2016 साली एकत्र वितळवून धाकटीच्या लग्नात एक हार केला होता. आता तो हार कोणाचा? घरात कोणीच कधी विचारलं नव्हतं. आम्ही सोनाराची जुनी पावती काढली. मोड देताना दोघींच्या डागांचं वजन वेगवेगळं लिहिलेलं होतं. वहीत तसंच उतरवलं, मोठीचे इतके ग्रॅम, सासूबाईंचे इतके, धाकटीला भेट म्हणून दिलेला. 'भेट' हा शब्द सासूबाईंनीच सांगितला आणि सही केली. जिथे एकमत झालं नाही, अशा दोन भांड्यांपुढे आम्ही 'मत वेगळं' असं लिहिलं आणि दोन्ही बाजू लिहिल्या. रकाना रिकामा सोडला की पुढे तो पुरुषाच्या नावानंच भरला जातो.

हे काम विम्याच्या बाहेरचं वाटेल, पण तसं नाही. दाव्याची रक्कम पॉलिसी ज्याच्या नावावर, त्याच्या हाती पडते. पॉलिसी बहुधा घराच्या मालकाच्या, म्हणजे नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असते. मग बाईचं स्त्रीधन पुरात गेलं आणि त्याचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात आले, असं होतं. म्हणून पॉलिसी घेतानाच आपलं नाव विमाधारकांत घालता येईल का, हे कंपनीला विचारा. ते शक्य नसेल तर मौल्यवान वस्तूंच्या यादीत मालकी लिहिलेली वही कंपनीला देताना पोच घ्या.

यादी करायची कायद्याची जागाही आपल्याकडे आहे, ती वापरली जात नाही. हुंडा प्रतिबंधक कायद्याखाली 1985 साली नियम झाले. लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी करावी, त्यात प्रत्येक भेटीचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं असावं, आणि वधू-वरांच्या सह्या असाव्यात, असं ते नियम सांगतात. वधूची यादी वधूनं ठेवायची. आपल्या गटात लग्न ठरलं की त्याच आठवड्यात वर सांगितलेल्या रीतीनं फोटोसह ही यादी करा. पुढे विम्याची यादी हाच कागद वाढवून होते, वेगळं काही करावं लागत नाही.

आणि किंमत का ताजी हवी, हे सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल 2024 च्या निकालात फार स्पष्ट दिसतं. केरळच्या एका स्त्रीचं माहेरचं 89 पवन सोनं लग्नाच्या पहिल्या रात्री 'सांभाळायला' म्हणून नवऱ्याकडे गेलं आणि सासरच्या कर्जात संपलं. कुटुंब न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल दिला, तेव्हा त्या सोन्याची किंमत धरली होती 8 लाख 90 हजार. उच्च न्यायालयात पुराव्याअभावी ती हरली. सर्वोच्च न्यायालयानं स्त्रीधन सर्वस्वी स्त्रीचंच असतं हे पुन्हा सांगितलं आणि मधल्या काळात वाढलेली महागाई लक्षात घेऊन तिला 25 लाख द्यायला सांगितलं. कोर्टानं काळाचा विचार केला. विमा कंपनी तो करणार नाही, ती पॉलिसीतला आकडा पाहील. तो आकडा बदलणं आपल्याच हातात आहे.

किंमत ठरवणं आणि बदलणं

जुन्या दागिन्याची किंमत काढताना पहिली चूक वजनात होते. आजीच्या कागदावर 'दोन तोळे' असतं. तो तोळा 11.66 ग्रॅमचा, आज सोनार तोळा म्हणजे 10 ग्रॅम धरतात. म्हणून तोळ्याचे सगळे आकडे ग्रॅममध्ये बदला, आणि शक्य तिथे दागिना पुन्हा तोलूनच घ्या.

दुसरी चूक बोरमाळेत सापडते. त्या घरातल्या बोरमाळेचं काट्यावरचं वजन 22.6 ग्रॅम आलं. नुसतं बघणाऱ्यानं ते 22 कॅरेट धरून हिशेब केला असता. पण बोरांच्या आत लाख असते आणि जुनं सोनं बहुधा 22 कॅरेटचं नसतं. तपासणीत लाख वजा जाता सोनं 16.6 ग्रॅम निघालं, तेही 20 कॅरेट. म्हणजे शुद्ध सोनं 16.6 ला 24 नं भागून 20 नं गुणायचं, सुमारे 13.8 ग्रॅम. आधीच्या अंदाजानं ते 20.7 ग्रॅम धरलं गेलं असतं, दीडपट. जास्त किंमत लिहिली की हप्ता जास्त जातो आणि नुकसान झाल्यावर दाखल्यात फरक निघाला की पूर्ण दावाच संशयात येतो.

आता भाव. भारत गृह रक्षा सुरू झाली त्या वर्षी, 2021 च्या मध्याला, शुद्ध सोनं दहा ग्रॅमला 48 हजारांच्या आसपास होतं. त्या भावानं या बोरमाळेतलं सोनं सुमारे 66 हजारांचं. एप्रिल 2025 मध्ये भाव एक लाखाला टेकला. त्या भावानं तेच सोनं सुमारे 1 लाख 38 हजारांचं. 2021 ची किंमत यादीत तशीच राहिली असती आणि बोरमाळ 2025 च्या पुरात गेली असती, तर हातात निम्म्याहून कमी आलं असतं. आणखी एक गोष्ट झाली. 66 हजारांना दाखला लागत नव्हता. 1 लाखाच्या वर गेल्यावर त्या एका वस्तूसाठी दाखला लागतो. म्हणजे दागिना तोच, कागद मात्र वेगळा. भाव वाढल्यावर नुसता आकडा खोडून नवा लिहून भागत नाही, ही मर्यादा ओलांडली का हे प्रत्येक वस्तूपुढे पाहावं लागतं. आणि एकूण बेरीज 5 लाखांच्या पुढे गेली का, हेही.

दाखला घेताना सोनाराला किंवा मूल्यांकनकाराला स्पष्ट विचारा: ही मोडीची किंमत की नव्यानं करून घ्यायची? मोडीत घडणावळ धरत नाहीत आणि वर घट कापतात. विम्यासाठी हवी ती तसाच दागिना आज करून घ्यायला लागेल ती रक्कम, घडणावळ आणि जीएसटी धरून. दाखल्यात एकूण वजन, निव्वळ वजन, कॅरेट, त्या दिवसाचा भाव आणि घडणावळ वेगवेगळी लिहून मागा. मग पुढच्या वर्षी फक्त भावाचा आकडा बदलायचा, दागिना पुन्हा तपासायला न्यायला नको. कोणाचा दाखला चालेल, हे मात्र कंपनीला आधी विचारून घ्या.

कधी बदलायचं, याची एकच तारीख सगळ्या वस्तूंना चालत नाही. सोन्याची किंमत दर वर्षी पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या महिनाभर आधी बदला. वर्षाच्या मध्येच भाव पाचव्या हिश्शानं चढला, तर नूतनीकरणाची वाट न पाहता कंपनीकडे किंमत वाढवून मागा, त्याला एन्डॉर्समेंट म्हणतात आणि थोडा जादा हप्ता पडतो. वजन आणि कॅरेट दर पाच वर्षांनी पुन्हा तपासा, कारण रोज अंगावर असलेली पाटली झिजते.

कोशाच्या साडीचं गणित उलटं असतं. नव्या साडीची किंमत वाढत जाते, पण जुनी घडीवर चिरत जाते. दर तीन वर्षांनी सगळ्या साड्या उलगडा, घडी बदला आणि त्याच दिवशी नवे फोटो घ्या. किंमत आंधळगावच्या किंवा मोहाडीच्या विणकरांकडून त्याच जातीच्या, त्याच काठाच्या नव्या साडीची लेखी घ्या. जुन्या साडीसारखी वीण आता कोणी करत नसेल, तर तसं विणकराकडून लिहून घ्या आणि ती दुर्मीळ वस्तू म्हणून यादीत घालता येईल का, ते कंपनीला विचारा. कंपनीनं नकार दिला तर ती साडी सामान्य सामानात येईल, पण नकार लेखी घ्या.

पितळेचा विचार शेवटी करा. पुरात पितळ फारसं बिघडत नाही, चिखल काढला की वापरता येतं. ते जातं चोरीत. म्हणून भांड्यांसाठी किमतीपेक्षा घरफोडीचं संरक्षण आहे का, हा प्रश्न मोठा. वजन एकदा नोंदलं की ते बदलत नाही. दर तीन वर्षांनी कासाराकडून नव्या भांड्याचा किलोचा भाव घेतला की पुरे.

काही घटना मात्र तारखेची वाट पाहत नाहीत. घरात लग्न झालं, वाटणी झाली, कोणी वारलं, दागिना मोडून नवा केला, काही विकलं किंवा सोनं तारण ठेवलं, तर त्याच आठवड्यात यादी बदला. तारण ठेवलेलं सोनं आपल्या घरात नाही, म्हणून ते तोवर यादीतून बाजूला काढून तारणाची पावती सोबत जोडा. सोडवून आणलं की पुन्हा लिहा. जुनी ओळ खोडू नका, तिच्यावर एक रेघ ओढा, तारीख घाला आणि खाली नवी लिहा. खोडाखोड नसलेली वही सर्वेक्षकालाही पटते आणि कोर्टालाही.

पाणी ओसरल्यावर

नुकसान झालंच, तर कंपनीला लगेच कळवा आणि भिजलेली साडी सर्वेक्षक पाहीपर्यंत फेकू नका. तिला सावलीत पसरा आणि यादीतल्याच क्रमांकाची चिठ्ठी शेजारी ठेवून नवा फोटो घ्या. आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवले की बोलायला फारसं उरत नाही. हरवलेल्या वस्तूंसाठी पोलिसांत तक्रार द्या आणि तलाठ्याच्या पंचनाम्याला आपल्या यादीची प्रत जोडून पोच मागा. सरकारी मदत त्यानं वाढेलच असं नाही, पण वस्तू पुराआधी घरात होत्या याचा आणखी एक कागद तयार होतो.

सगळ्या घरांना विमा परवडणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. ज्या घरात फक्त गरसोळी आणि चार भांडी आहेत, तिथेही वही करायला खर्च येतो तो एका वहीचा आणि सोनाराकडे वजन करायला जाण्याचा. विमा पुढच्या वर्षी घेता येईल. 'कोणाची' हा रकाना यंदाच भरता येतो, सासू आणि सुना एकत्र बसून, एकमेकींच्या समोर.

येत्या पावसाळ्याआधी आपापल्या गटात निदान पाच घरांच्या याद्या करा. कोणत्या वस्तूवर कंपनीनं आडकाठी घातली, कोणता दाखला नाकारला, 'कोणाची' या रकान्यावरून घरात काय बोलणं झालं, ते आम्हाला लिहा. पुढच्या अंकात तुमच्या पत्रांसाठी पानं राखून ठेवली आहेत.